एका प्रकरणावरचं टिपण: मत खरं, गोष्ट शाबूत

प्रश्न: बाई, आमच्या म्हापशाच्या वाचनमंडळात एक कादंबरी आम्ही प्रकरणागणिक वाचतो आणि एकेकाने एकेका प्रकरणावर मत लिहायचं असतं. माझ्या वाट्याला आलेलं प्रकरण मला फारसं आवडलं नाही. का ते सांगायला गेले की गोष्ट फुटते, आणि गोष्ट सांभाळली की मत गुळमुळीत होतं. दोन्ही कसं जमवायचं?

आधी आमची व्यवस्था सांगते, म्हणजे मी कुठल्या अनुभवावरून बोलते ते कळेल. फोंड्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यात आम्ही 14 जण आहोत आणि एका पुस्तकाच्या प्रती बहुतेक वेळा चारच मिळतात. म्हणून प्रत फिरते आणि प्रतीबरोबर एक 200 पानी वही फिरते. ज्याचं प्रकरण वाचून झालं त्याने वहीत टिपण लिहायचं आणि दोन्ही पुढच्याच्या हातात द्यायचं. एक जण चौथ्या प्रकरणात असतो तेव्हा दुसरा बाराव्यात पोचलेला असतो. त्यामुळे प्रत्येक टिपण दोन प्रकारची माणसं वाचतात: ते प्रकरण अजून न वाचलेली, आणि ते कधीच मागे टाकलेली. टिपण दोघांनाही उपयोगी पडायला हवं, ही खरी अडचण. गेली 18 वर्षं अशा वह्या मी सांभाळते आहे.

या वह्या वाचून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घटना सांगितली की गोष्ट फुटते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे घटना सहसा कोणी सांगत नाही. ‘अमका मरतो’ असं सरळ लिहिलेलं मला इतक्या वर्षांत एकदाच सापडलं. बाकीची सगळी फूट मतांतून झाली आहे. एखादं विशेषण, क्रियापदाचा काळ, ‘पुढे कळेल’सारखे दोन शब्द. लिहिणाऱ्याला वाटत असतं आपण काहीच सांगितलं नाही, आणि वाचणारा सगळं ओळखून बसतो.

एक टिपण जवळून बघू. कादंबरीचं नाव सांगत नाही आणि पात्राचं नावही बदलते, कारण ती तुमच्या मंडळातही कधीतरी येईल. नववं प्रकरण चवथीच्या आदल्या दिवसाचं आहे. घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधणं चाललंय, आखातात नोकरी करणारा थोरला भाऊ त्या संध्याकाळी यायचा आहे, आणि हे सगळं आपल्याला दिसतं ते दहा वर्षांच्या सुमनच्या डोळ्यांनी. आमच्यातल्या एकीने लिहिलं होतं:

‘नववं प्रकरण वाचून सुन्न झाले. माटोळीचं एवढं वर्णन आधी कंटाळवाणं वाटतं, पण धीर धरा, पुढे उलगडा होतो. बिचारी सुमन! काका तिच्यावर किती माया करत होता. शेवटी दारात आलेल्या माणसाला पाहून तर धक्काच बसला.’

पाच वाक्यं, त्यांत घटना एकही नाही. आता ज्याने फक्त आठ प्रकरणं वाचली आहेत त्याच्या जागी बसून हे वाच. सगळं घर भावाची वाट बघतंय. दारात कोणीतरी येतं आणि वाचणाऱ्याला धक्का बसतो. म्हणजे येणारा भाऊ नाही, कारण भाऊ आला असता तर धक्का कसला? आणि तो पुरुष आहे, ‘माणसाला’ म्हटलंय. ‘बिचारी’ म्हणजे यात सुमनचं काहीतरी हरवणार. ‘माया करत होता’ म्हणजे ती माया आता राहिली नाही. एक तर काका गेला, नाहीतर बदलला. आणि माटोळीच्या वर्णनात काहीतरी दडवलेलं आहे, नाहीतर उलगडा कशाचा? 23 पानांचं प्रकरण पाच वाक्यांत उघडं पडलं. लिहिणारी बाई अतिशय जपून लिहिणारी आहे. तिला हे दाखवलं तेव्हा तिला फार वाईट वाटलं, आणि त्यानंतर कट्ट्यातली सगळ्यात नेटकी टिपणं तिचीच असतात.

हे असं का होतं ते मायर स्टर्नबर्ग या इस्रायली अभ्यासकाने केलेल्या एका विभागणीतून मला नीट समजलं. गोष्ट वाचताना आपल्याला तीन तऱ्हेचं काहीतरी ठाऊक नसतं. पुढे काय होणार ते ठाऊक नसतं, ती उत्कंठा. मागे काय घडून गेलंय ते ठाऊक नसतं पण काहीतरी घडलंय एवढं कळलेलं असतं, ते कुतूहल. आणि तिसरं, इथे काही लपलेलं आहे याचाच पत्ता नसतो. ते अचानक समोर आलं की आश्चर्य वाटतं. पहिल्या दोन तऱ्हांत आपल्याला प्रश्न ठाऊक असतो, फक्त उत्तर ठाऊक नसतं. म्हणून तिथे उत्तर झाकलं की झालं. ‘भाऊ वेळेवर येतो का हीच हुरहूर सगळीकडे आहे’ असं खुशाल लिही, तो प्रश्न लेखकानेच उघडपणे घातला आहे. तिसऱ्या तऱ्हेत मात्र प्रश्न आहे एवढं सांगितलं तरी गोष्ट गेली. ‘धक्का बसतो पण कसला ते सांगणार नाही’ हे वाक्य म्हणूनच जपून लिहिल्यासारखं दिसतं आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं. त्यानंतर वाचणारा पानोपानी धक्का शोधत बसतो. माझा नियम असा: प्रकरणाने मला चकित केलं असेल तर चकित झाले हेसुद्धा टिपणात लिहायचं नाही.

आता भाषेकडे येते, कारण मराठीत लिहिताना आपल्याला एक जादा जोखीम असते. आपलं क्रियापद लिंग आणि वचन बोलून दाखवतं. ‘दारात कोण आला’, ‘कोण आली’, ‘कोण आले’ या तिन्हींतून येणाऱ्याची ओळख अर्धी सांगून होते. ‘आले’ म्हटलं की वडीलधारं, मान द्यावं असं कोणीतरी. ‘कोणीतरी आलं’ म्हटलं की लिंग झाकलं जातं, पण कोणीतरी येतं हे राहतंच. म्हणून ज्या वाक्यात लपवायचं पात्र कर्ता म्हणून येतं ते वाक्य मी सरळ काढून टाकते, नपुंसकलिंगाची पांघरुणं घालत बसत नाही. पांघरूण दिसलं की खाली काहीतरी आहे हे कळतंच.

दुसरं काळाचं. पात्राबद्दल लिहिताना वर्तमानकाळ वापर. ‘आजी फार कडक आहे’ यातून काहीच फुटत नाही. ‘आजी फार कडक होती’ म्हटलं की आजी गेली किंवा निवळली असं वाटतं. आपण कादंबरीतल्या घटना सवयीने भूतकाळात सांगतो, पण स्वभाव भूतकाळात सांगितला की ती मृत्यूची बातमी ठरते.

तिसरं म्हणजे बारीक शब्द. टिपण लिहून झाल्यावर मी पेन्सिल घेऊन ‘तोवर’, ‘तेव्हा’, ‘आता’, ‘अजून’, ‘शेवटी’, ‘खरं तर’, ‘पहिल्यांदा’ आणि शब्दाला चिकटलेला ‘च’ यांच्याखाली रेघ मारते. ‘सुमनला काका आवडतो’ आणि ‘सुमनला तोवर काका आवडतो’, या दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे आणि दुसऱ्या वाक्यात अख्खं प्रकरण आहे. हे शब्द आपण मुद्दाम लिहीत नाही. पुढचं माहीत झालेलं मन ते आपोआप लिहून जातं. रेघ मारलेला प्रत्येक शब्द काढून वाक्य पुन्हा वाचून बघ. अर्थ तसाच राहिला तर शब्द फालतू होता, बदलला तर तो चुगली करत होता. दोन्हीकडे तो जातोच.

मग मत कशावर द्यायचं? तुझं मत गुळमुळीत होतं ते इथे. घटना काढून घेतल्या की हातात ‘छान आहे’, ‘रटाळ आहे’ एवढंच उरतं असं वाटतं. पण प्रकरण आवडलं नाही याचं कारण फार क्वचित घटनेत असतं. बहुतेक वेळा ते बांधणीत असतं, आणि बांधणीबद्दल कितीही लिहिलं तरी गोष्ट शाबूत राहते. मी स्वतःला दोन-तीनच प्रश्न विचारते. हे आपण कोणाच्या डोळ्यांनी बघतोय, आणि ते डोळे मध्येच बदलतात का? किती वेळाला किती पानं दिली आहेत? आणि मी पुस्तक कुठल्या पानावर खाली ठेवलं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. ‘कंटाळा आला’ हे मत नाही, ती तक्रार झाली. ‘पान 147 ते 152 मध्ये मी दोनदा पुस्तक मिटलं’ ही साक्ष आहे, आणि ती दुसऱ्याला स्वतःच्या वाचनाशी ताडून बघता येते. त्या पानांकडे परत जायचं आणि बघायचं की कारण पानावर आहे की आपल्यात. मी एकदा एका प्रकरणाला संथ म्हणणार होते. मागे वळून पाहिलं तर ते मी तापात वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं आणि टिपण बदललं. कारण पानावर बोट ठेवून दाखवता आलं तरच वहीत लिहायचं.

माटोळीच्याच प्रकरणावर मग मी असं टिपण लिहिलं होतं. ते तसंच्या तसं देते:

‘नववं प्रकरण, पान 141 ते 163. इथवरच वाचलं आहे. चवथीच्या आदल्या दिवसाची एक दुपार, दिवेलागणीपर्यंत. आधीच्या आठ प्रकरणांत बरीच वर्षं 140 पानांत उरकली आहेत आणि इथे एका दुपारीला 23 पानं दिली आहेत. चाल अशी एकदम धीमी करणं मला पटलं. घरात सण असला की लहान मुलाची दुपार अशीच लांबते. सुरुवातीची सहा पानं मला फार आवडली. सुमन खाली उभी राहून फळं वर देते आहे, त्यामुळे तिला आंबाड्यांचे घोस, तवशी, सुपारीचं शिपटं हे सगळं खालच्या बाजूने दिसतं. कांगलं तिच्या हातातून निसटतं तेव्हा ती आधी आईच्या चेहऱ्याकडे बघते, मग जमिनीकडे. मूल असंच बघतं. पान 147 पासून मात्र सुमनचे डोळे सुटतात. एकेका रानफळाची माहिती सुरू होते, कुठल्या डोंगरावर मिळतं, कशासाठी बांधतात, आणि वाक्यं दहा वर्षांच्या मुलीची राहत नाहीत. माहिती खरी आहे. आमच्या घरी माटोळी बांधतात, मी पडताळून पाहिलं. पण ती सुमनकडून येत नाही, लेखक तिला बाजूला सारून आम्हाला सांगतो. 152 पर्यंत मी दोनदा पुस्तक मिटलं. संवादांचं मात्र कौतुक वाटतं. बोलणं कोकणीत आणि निवेदन मराठीत हा जोड कुठेही खडखडत नाही, कारण लेखक कोकणी वाक्याचा अर्थ पुढच्या मराठी वाक्यात पुन्हा सांगत नाही. ज्याला ती कोकणी येत नाही त्यालाही हावभावावरून कळतं.’

हे टिपण प्रकरणावर टीका करतं आणि ती कुठे, कशावर, हे स्पष्ट सांगतं. यात आलेली घटना म्हणजे एक कांगलं पडतं, तीही प्रकरणाच्या पहिल्या चौथाईतली. उदाहरणं नेहमी पहिल्या चौथाईतूनच घ्यावीत असं मी सगळ्यांना सांगते, कारण तिथपर्यंत लेखक बहुधा मांडणीच करत असतो. आणि दार, काका, शेवटची पानं यांचा उल्लेखही नाही. ‘शेवटाबद्दल बैठकीत बोलू’ असंसुद्धा नाही. त्या एका ओळीने शेवटी काहीतरी आहे हे कळलं असतं.

टिपणाच्या पहिल्या ओळीतलं ‘इथवरच वाचलं आहे’ हे वाक्य सवयीचं वाटेल, पण ते फार काम करतं. ते असलं की वाचणाऱ्याला कळतं की पुढचं प्रत्येक वाक्य पुढचं न जाणणाऱ्या माणसाचं आहे. त्यात चुकून एखादा अंदाज खरा निघाला तरी तो अंदाजच राहतो. हे वाक्य खोटं लिहिलं तर मात्र सगळंच कोसळतं.

म्हणून सगळ्यात अवघड प्रसंग पुढचं वाचून झालेल्याचा. हा माझ्या हातून घडलाय. काही वर्षांपूर्वी एक कादंबरी मला इतकी आवडली की मी ती दोन रात्रींत संपवली, आणि पाचव्या प्रकरणाचं टिपण त्यानंतर लिहिलं. लिहिलं होतं, ‘हे प्रकरण सैल वाटेल, पण सैलपणा मुद्दाम ठेवलेला आहे.’ मला वाटलं मी लेखकाला न्याय देते आहे. आमच्यातले एक पोस्टातून निवृत्त झालेले काका पुढच्या बैठकीत म्हणाले, ‘बाई, तुम्ही मुद्दाम म्हणालात, तेव्हापासून मी सैल धागाच शोधत होतो. सातव्यात सापडला. मग पुढची सहा प्रकरणं माझ्यासाठी नुसती वाट बघणं झालं.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण ते पुस्तक त्यांना पुन्हा पहिल्यांदा वाचता येणार नव्हतं. ते मी करून बसले होते.

त्या दिवसापासून मी पान उलटण्याआधी टिपण लिहिते. प्रकरण संपलं की पुस्तक पालथं ठेवायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत लिहून टाकायचं. प्रत सगळ्यांची असल्यामुळे समासात खुणा करता येत नाहीत, म्हणून मी वाचताना कागदाच्या बारीक चिठ्ठ्या घालते आणि प्रत्येकीवर दोन शब्द लिहिते: ‘इथे थांबले’, ‘हे सुमन बोलणार नाही’. कधी पुढचं वाचून झालंच तर फक्त त्या चिठ्ठ्यांवरून टिपण लिहायचं, त्यात आठवणीतलं काही घालायचं नाही. चिठ्ठ्याही नसतील तर आपली पाळी सोडून द्यावी, दुसऱ्याला लिहू द्यावं.

आणि पुढच्या प्रकरणांमुळे मत बदललं तर? तुझ्या न आवडलेल्या प्रकरणाचं असं होऊ शकतं. आज कंटाळवाणी वाटलेली यादी चार प्रकरणांनी फार मोलाची ठरेल. तरी आजचं टिपण खोडायचं नाही. लेखकाने ती पानं आज, या ठिकाणी वाचायला दिली आहेत, आणि आज ती कशी वाचली गेली हे त्यालाही टाळता येत नाही. पुढे सार्थ ठरणारं प्रकरण त्या वेळी वाचकाला धरून ठेवू शकलं नाही, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.

कोणी तुला सांगेल की एवढी काळजी कशाला, गोष्ट आधी कळली तर उलट जास्त आवडते असं संशोधन आहे. आहे खरं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये 12 लघुकथा लोकांना वाचायला दिल्या, आणि शेवट आधी सांगितलेल्या वाचकांनी त्या एकंदरीत थोड्या जास्तच पसंत केल्या. पण त्या एका बैठकीत संपणाऱ्या कथा होत्या. आमची कादंबरी तीन महिने चालते आणि दोन प्रकरणांमधला आठवडा हाही वाचनाचा भाग असतो. ज्याला शेवट आधी हवाय तो शेवटचं पान उघडू शकतो. ज्याला नकोय त्याला ऐकलेलं विसरता येत नाही.

रहस्यकथेत मात्र वर सांगितलेलंही पुरत नाही. तिथे लेखकाने कुठे जास्त पानं दिली, कोणाचं बोलणं खोटं वाटलं, हे निरीक्षणच धागा हातात देतं. तिथे मी भाषेबद्दल आणि वातावरणाबद्दल चार ओळी लिहून थांबते. उलट ज्या गोष्टी सगळ्यांना लहानपणापासून पाठ आहेत, पुराणातल्या वगैरे, त्यांवरच्या कादंबरीत घटना लपवण्यात अर्थ नाही. तिथे फक्त लेखकाने स्वतः घातलेला फेरफार जपायचा.

राहिलं ते तुझ्या मनात उसळणारं, जे टिपणात बसत नाही. अंदाज, चकित झाल्याची जागा, शेवटच्या पानांवरचा राग. ते दाबून ठेवू नकोस, नाहीतर ते विशेषणांतून बाहेर येईल. आम्ही त्यासाठी वेगळा सुटा कागद ठेवतो. लिहायचं, चार घड्या घालायच्या, वर नाव न घालता फक्त प्रकरणाचा आकडा टाकायचा आणि वहीच्या मागच्या पाकिटात सरकवायचा. पुस्तक सगळ्यांचं वाचून झालं की शेवटच्या बैठकीत पाकीट उघडतो आणि कागद आकड्यांच्या क्रमाने मोठ्याने वाचतो. माटोळीच्या त्या कादंबरीला नऊ आकड्याचे पाच कागद निघाले होते. दोघांनी काकाबद्दल लिहिलं होतं, एकाने दाराबद्दल, आणि उरलेल्या दोघांनी 147 ते 152 याच पानांबद्दल. एकाला ती गाळावीशी वाटली होती, दुसऱ्याने ती तीनदा वाचली होती. त्या संध्याकाळी आम्ही ती सहा पानं पुन्हा मोठ्याने वाचून काढली.